‘तहान नाही’ म्हणणाऱ्या वडिलांचा ताप

“माझ्या वडिलांचं वय ८१ आहे. तीन दिवस त्यांना १०० ते १०१ ताप आहे. डॉक्टरांनी तपासून पॅरासिटामॉल दिलंय आणि ‘भरपूर पाणी पाजा’ म्हणून सांगितलंय. पण पाणी विचारलं की बाबा म्हणतात, ‘नको, तहान नाही.’ दिवसभरात कसेबसे तीन ग्लास होत असतील. जास्त आग्रह केला तर चिडतात. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. शरीरातलं पाणी कमी होतंय हे वेळेत कसं ओळखायचं? आणि त्यांना पाजायचं तरी कसं?”

वडील तुम्हांला टाळण्यासाठी ‘तहान नाही’ म्हणत नसावेत, त्यांना खरोखरच तहान लागत नसावी. वय वाढते तशी मेंदूतील तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे शरीरातील पाणी कमी झालेले असतानाही घसा पाणी मागत नाही. तरुणपणी मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि घट्ट, थोडी लघवी बाहेर टाकतात. उतारवयात तीही क्षमता कमी होते, म्हणजे पाणी आत जात नसले तरी बाहेर मात्र जात राहते. म्हणून अशा वयात ‘तहान लागली की पितील’ हा हिशेब चुकीचा ठरतो.

तापाविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. तापाने अंगातले पाणी सुकते हे खरे असले, तरी केवळ श्वासातून आणि त्वचेतून जाणारे पाणी दर एक अंश सेल्सियसमागे साधारण दहा टक्क्यांनीच वाढते. तुम्ही लिहिलेल्या तापात ही वाढ एक-दोन वाट्यांपलीकडे जात नाही. ताप उतरताना घाम फुटला तर त्याची भर पडते. पण खरा खड्डा पडतो तो न पिण्यामुळे. नेहमी सात-आठ पेले पिणारा माणूस दोन-तीन पेल्यांवर आला, तर रोज जवळपास एक लिटरची तूट साठत जाते आणि तिसऱ्या दिवशी ती जाणवू लागते. तुमच्या वडिलांचा आज तिसरा दिवस आहे, त्यामुळे मोजणी आजच सुरू करा.

पहिले काम म्हणजे घरातील मापाच्या भांड्याने त्यांच्या ग्लासात आणि चहाच्या कपात किती पाणी मावते ते एकदा पाहून ठेवणे. मग एका कागदावर वेळ, काय दिले आणि उरलेले किती परत आले हे लिहा. परत आलेले लिहिणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘तीन ग्लास’ हा आकडा बहुधा समोर ठेवलेल्या ग्लासांचा असतो, पोटात गेलेल्या पाण्याचा नसतो. समजा, एका दिवसाची नोंद अशी निघाली: तीन वेळच्या गोळ्यांबरोबर प्रत्येकी ४० मिलिलिटर, म्हणजे १२०. दोन कप चहा, २४०. दुपारी दिलेल्या २०० च्या ग्लासातून १००. रात्रीचे सूप १५०. एकूण ६१० मिलिलिटर. घरातल्यांना वाटत होते की लिटरभर तरी गेले असेल. वृद्ध पुरुषाने रोज पेयांतून सुमारे २ लिटर आणि स्त्रीने सुमारे १.६ लिटर घ्यावे, असे युरोपातील वैद्यकीय पोषणविषयक मार्गदर्शन सांगते. त्यापुढे ६१० हा आकडा ठेवला की ‘पितात थोडेफार’ या वाक्याचा अर्थ कळतो.

आता ओळखण्याविषयी. हातावरची कातडी चिमटीत धरून ती किती वेळ उभी राहते हे पाहण्याची पद्धत तुम्ही ऐकली असेल. लहान मुलांत ती उपयोगी पडते. ८१ व्या वर्षी मात्र कातडीची लवचिकता वयानेच गेलेली असते, त्यामुळे पाणी पुरेसे असतानाही ती उभीच राहते. कोरडी जीभसुद्धा फसवते, कारण नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्याची जीभ कोरडीच असते. बघायचेच असेल तर गालाच्या आतला भाग आणि हिरड्यांची कड बघा, आणि काख अगदी कोरडी पडली आहे का ते पाहा. पण वृद्धांमध्ये अशा कोणत्याही एका खुणेवर निर्णय घेता येत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. खात्री रक्ततपासणीनेच होते. घरी आपण करू शकतो ते एवढेच की काल आणि आज यांत काय बदलले ते पकडायचे.

त्या बदलांपैकी मी सर्वांत आधी वागण्यातला बदल पाहतो. बोलता बोलता धागा तुटणे, दुपारी नेहमीपेक्षा जास्त झोपणे, वार किंवा वेळ चुकणे, चालताना भिंतीला हात लावणे या गोष्टी ‘ताप आहे, थकलेत’ म्हणून सोडून दिल्या जातात. मी स्वतः एकदा हेच केले आहे. माझ्या मावशीला ताप आला, तेव्हा ती ७९ वर्षांची होती आणि तिला मधुमेह होता. मी रोज फोनवर विचारायचो, “पाणी पितेस ना?” ती म्हणायची, “हो रे, उशाशी तांब्या आहे.” लघवीला ती वारंवार जात होती, म्हणून मी निश्चिंत होतो. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा उशाशी तांब्या होता, पण काठोकाठ भरलेला, आणि मावशी चष्म्याची काडी तोंडात धरून घरभर चष्मा शोधत होती. रक्तातील साखर ३८० वर गेली होती आणि सोडियम वाढलेले होते. साखर लघवीवाटे जाताना स्वतःबरोबर पाणी ओढून नेत होती. म्हणजे जी लघवी पाहून मी निर्धास्त होतो, तीच तिला कोरडी करत होती. डॉक्टर असूनही मी फोनवर चुकीचा प्रश्न विचारत राहिलो, याची बोच मला अजून आहे.

हा अनुभव सांगण्याचे कारण तुमच्या वडिलांच्या गोळीत आहे. लघवी वाढवणारी गोळी हेच करते. पाणी कमी असतानाही लघवी होत राहते आणि तिचा रंगही फिका दिसू शकतो. त्यामुळे तुमच्याकडे लघवीचा रंग हा विश्वासाचा पुरावा नाही. रंग गडद होत असेल तर ते लक्षात घ्या, पण फिका आहे म्हणून काळजी सोडू नका. जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू असतील तर लघवी भडक पिवळी होते, तो रंग वेगळा. रंगापेक्षा प्रमाण लिहून ठेवणे बरे. लघवीचे मापाचे भांडे औषधाच्या दुकानात मिळते. वजन ५५ किलोच्या आसपास असेल, तर सहा तासांत साधारण १५० मिलिलिटरच्या खाली लघवी होणे ही धोक्याची सूचना समजावी. गोळी चालू असतानाही एवढीच होत असेल, तर ती सूचना अधिक गंभीर आहे.

येथे प्रोस्टेटमुळे एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात ठेवा. लघवी झाली नाही म्हणजे ती तयार झाली नाही असे नाही, ती अडलेलीही असू शकते. बेंबीखाली पोट ताणलेले, टणक वाटत असेल, दाबल्यावर दुखत असेल, जाण्याची घाई होऊन दोन-चार थेंबच येत असतील किंवा कपड्यांत सतत थोडी थोडी गळत असेल, तर पाणी वाढवून काही उपयोग नाही. अशा वेळी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे न्यावे लागते. सर्दीची काही औषधे प्रोस्टेट असलेल्या माणसाची लघवी अडवतात. ताप आल्यावर घरातील कुणी ‘सर्दीची गोळी’ दिली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

बीपीचे यंत्र घरी असेल, तर आणखी एक तपासणी जमते. वडिलांना पाच मिनिटे आडवे राहू द्या आणि बीपी मोजा. मग त्यांना आधार देऊन उभे करा, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिक खाली आला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर अंगात पाणी कमी असण्याची शंका बळावते. बीपीच्या औषधांमुळेही असे होते, पण दोन्ही कारणांनी पडण्याचा धोका सारखाच आहे. उठून बसतानाच चक्कर येत असेल, तर उभे करण्याचा प्रयोगच करू नका. वजनकाटा असेल, तर रोज सकाळी लघवीनंतर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा. एका दिवसात एक किलो कमी झाले, तर ती चरबी नव्हे, जवळपास एक लिटर पाणी असते.

आता पाजण्याकडे येतो, आणि तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ येथे उपयोगी पडते. तुमचे वडील रात्री तीन-चार वेळा उठतात. तापात अंग दुखत असताना, अंधारात, पाय लटपटत असताना शौचालयापर्यंत जाणे हा त्यांच्यासाठी प्रवास असतो. कपडे ओले होतील ही भीती वेगळीच. पाणी कमी पिणे हा त्यांनी स्वतःपुरता शोधलेला उपाय आहे, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो शहाणपणाचा आहे. म्हणून आग्रह वाढवण्याआधी हे कारण काढून टाका. लघवीचे भांडे पलंगाच्या हाताशी ठेवा, किंवा खोलीतच बसण्याचे कमोड ठेवा, रात्री मंद दिवा लावा. आणि त्यांना एकांतात, स्पष्ट सांगा की आजारपणापुरती ही सोय आहे आणि ते रिकामे करण्यात तुम्हांला काहीही अवघड नाही. हे एकदा बोलले गेले की पुष्कळदा निम्मा विरोध तिथेच मावळतो. शिवाय, दिवसाचे बहुतेक पाणी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत पोटात जाईल असे पाहा. नंतर फक्त रात्रीच्या गोळीपुरते आणि मागतील तेवढेच द्या.

पाणी ‘हवे का’ असे विचारू नका. या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ हेच असते, कारण तो तहानेला विचारलेला प्रश्न आहे आणि तहान तर गप्प आहे. त्याऐवजी हलका, धरायला सोपा कप अर्धाच भरून त्यांच्या हातात द्या आणि स्वतःचा कप घेऊन शेजारी बसा. काठोकाठ भरलेला मोठा ग्लास पाहूनच आजारी माणसाचे मन मागे फिरते, आणि थरथरत्या हाताला तो जडही होतो. अर्ध्या तासाला साधारण ६० मिलिलिटर, म्हणजे चार मोठे घोट, एवढेच मागा. सकाळी सात ते संध्याकाळी सहा या अकरा तासांत अशा २२ वेळा येतात आणि त्यांतून १,३२० मिलिलिटर होतात. याखेरीज सकाळच्या आणि दुपारच्या गोळ्यांबरोबर एका घोटाऐवजी १५० मिलिलिटर पाणी द्या, कारण गोळीबरोबरचे पाणी माणूस सहसा नाकारत नाही. त्यांतून ३०० मिळाले की १,६२० झाले, आणि संध्याकाळी वाटीभर सूप घेतले तर १,७७०. प्रत्यक्षात एवढे होणार नाही, काही वेळा ते झोपलेले असतील, काही वेळा नाही म्हणतील. तीन-चतुर्थांश जमले तरी १,३०० च्या पुढे जाल, म्हणजे ६१० च्या दुप्पट. पहिल्या दिवसाला ते पुरेसे आहे. एका बैठकीत लिटरभर रिचवण्याचा प्रयत्न केला तर मळमळ होते आणि दुसऱ्या दिवशी ते कपाकडे पाहातही नाहीत.

पाणी म्हणजे फक्त पाणीच असायला हवे असे नाही. दूध, बेताचा चहा, फळाचा रस, पातळ सूप, रसाळ फळ हे सारे हिशेबात धरा. चहाने लघवी थोडी वाढत असली तरी प्यालेले पाणी बव्हंशी आतच राहते, त्यामुळे चहा बंद करण्याची गरज नाही. बहुतेक वृद्धांना तापात गरम किंवा कोमट पेय बरे वाटते, काहींना मात्र गारच हवे असते. त्यांची आवड विचारा, तिच्यावर वाद घालू नका. पॅरासिटामॉल दिल्यानंतर साधारण तासाभराने ताप उतरू लागला की अंग हलके होते आणि तोंडाला चव येते. मोठा कप, सूप किंवा दूध त्या वेळी पुढे करावे, कारण तेव्हा ते सहज जाते. ताप चढत असताना, हुडहुडी भरलेली असताना आग्रह करणे वाया जाते.

ओआरएसविषयी मला नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. जुलाब, उलट्या किंवा कपडे भिजवणारा घाम असेल, म्हणजे पाण्याबरोबर क्षारही जात असतील, तर ओआरएस उत्तम. पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे आणि उरलेले चोवीस तासांनी टाकून द्यावे. थोड्या पाण्यात घट्ट केल्यास ते उलट नुकसान करते. केवळ न पिण्यामुळे आलेली तूट मात्र मुख्यतः पाण्याची असते, तिला साधे पाणी, दूध आणि सूप पुरते. दिवसभर ओआरएसच पाजल्याने बीपी असलेल्या माणसाच्या पोटात विनाकारण मीठ जाते.

पाजताना वडील ताठ बसलेले असावेत, हनुवटी किंचित खाली असावी. प्रत्येक घोटानंतर खोकला येत असेल, आवाज घरघरता, ओलसर होत असेल, किंवा पाणी ओठांतून परत येत असेल, तर ते श्वासनलिकेत जाण्याची शक्यता आहे. तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानेही पाणी घालू नका. घरच्यांच्या प्रेमाने झालेले न्यूमोनिया मी पाहिले आहेत.

बीपीच्या गोळीबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा. लघवी वाढवणारी गोळी, बीपीची इतर काही औषधे आणि मधुमेहाची काही औषधे, पाणी कमी पडले की मूत्रपिंडावर ताण आणतात किंवा इतर धोका निर्माण करतात. म्हणून पुष्कळदा डॉक्टर ती एक-दोन दिवसांपुरती थांबवतात. हा निर्णय त्यांचा आहे, तुम्ही स्वतः गोळी थांबवू नका. कुणाला हृदय कमकुवत झाल्यामुळे सूज येते म्हणून, कुणाला मूत्रपिंडाच्या आजारामुळे, पाण्यावर मर्यादा घातलेली असते. तसे वडिलांच्या बाबतीत असेल, तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. फोन करताना तुमच्या कागदावरचे चार आकडे तयार ठेवा: चोवीस तासांत किती प्याले, लघवी किती वेळा आणि किती, बीपी किती, ताप किती. ‘पीतच नाहीत हो’ या वाक्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, पण ‘६१० प्याले, काल दुपारपासून दोनदाच लघवी’ यावर ठरवता येते. तापासाठी पॅरासिटामॉलच ठेवा, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच. अंगदुखीसाठी घरात पडलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या या अवस्थेत मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

काही गोष्टींत फोनवर थांबायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. नव्याने आलेला गोंधळ किंवा जागे न होणारी गुंगी, आठ-दहा तासांत लघवीच न होणे, बीपीचा वरचा आकडा १०० च्या खाली जाणे, धाप लागणे, वारंवार उलट्या, किंवा प्रयत्न करूनही चोवीस तासांत अर्धा लिटरही न जाणे यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपायांची वेळ संपली असे समजा. तिथे रक्ततपासणी करून सलाईन द्यायची की नाही हे ठरवतात. प्रकृती फार बिघडलेली नसेल तर शिरेऐवजी कातडीखालूनही हळूहळू सलाईन देता येते, आणि शीर सापडत नसलेल्या वृद्धांना ते सोसते. पण वडील जागे आहेत, नीट गिळत आहेत आणि पाणी वाढते आहे, अशा वेळी ‘एक बाटली लावून टाका’ असा आग्रह तुम्हीही धरू नका. हृदयावर त्याचा भार पडतो.

ताप उतरल्यावरही कागद लगेच फाडू नका, दोन दिवस लिहीत राहा. भूक आणि तहान परतायला वेळ लागतो, आणि ताप गेल्यामुळे घरातले लक्ष मात्र आधीच निघून गेलेले असते. डॉक्टरांनी गोळी थांबवली असेल, तर ती कोणत्या दिवशी परत सुरू करायची हे फोनवरच विचारून त्याच कागदाच्या वर लिहून ठेवा.